पोदेराची वाट बघणारं प्रेमगीत

प्रश्न: फोंड्यातल्या शाळेत चौथीच्या मुलांचं गॅदरिंग आहे. एका जुन्या प्रेमगीताची चाल सगळ्यांना हवी आहे, पण शब्द मोठ्या माणसांचे आहेत. गोडवा न घालवता ते कसे बदलावेत?

उत्तर: आधी गाणं नेमकं काय करतंय ते एका क्रियापदात पकडा. वाट पाहतंय, रुसलंय, की मनधरणी करतंय? गोडवा त्या क्रियेत असतो. म्हणून क्रिया तशीच ठेवा आणि ती कोणासाठी चाललीय तेवढं बदला. नेहमीची चूक अशी होते, की ‘सजणा’च्या जागी ‘मित्रा’ येतो आणि ओठ, रात्र, मिठी जिथल्या तिथे राहतात. ते मूळ गाण्यापेक्षाही विचित्र ऐकू येतं. देवाला किंवा देशाला उद्देशून लिहिणं हा दुसरा सोपा रस्ता. त्यात लाडिक सूर जातो आणि नुसता उपदेश उरतो.

उदाहरणासाठी कहरव्यातल्या चार ओळी रचून घेऊ, प्रत्येक ओळ आठ अधिक आठ, म्हणजे 16 मात्रांची:

ये ना सजणा, रात्र संपली
दारामध्ये वाट पाहिली
ओठांवरची तहान माझी
तुझ्याविना रे तशीच उरली

क्रिया आहे वाट पाहण्याची. गोव्यातलं मूल पहाटे दारात उभं राहून कोणाची वाट बघेल? पाव विकायला येणाऱ्या पोदेराची! सायकलवरचा त्याचा पों-पों ऐकला की घराघरातून कोणीतरी बाहेर येतंच. एवढं ठरलं की पहिल्या दोन ओळींचं काम जवळजवळ संपतं. ‘ये पोदेरा, रात्र संपली’ आणि दुसरी ओळ जशीच्या तशी. ‘रात्र संपली’ ही आता फक्त वेळ झाली.

तिसऱ्या ओळीत मात्र अडतं. ‘चहा कपातच निवून गेला’ ही ओळ मोजली तर बरोबर 16 भरते, तरी गाताना अडखळते. मूळ ओळ ‘ओ’वर सुरू होते आणि चालीत तो सूर लांबवलेला आहे. तिथे ‘च’ आला की मुलं ‘चऽऽहा’ म्हणतात आणि शब्द ओळखू येत नाही. म्हणजे नुसती बेरीज जुळून भागत नाही, लघु-गुरूंची जागाही जुळावी लागते. ‘ओठांवरची’ म्हणजे गुरू, गुरू, लघु, लघु, गुरू. त्याच क्रमात ‘सारा निवला’ बसतं. ‘तहान माझी’च्या जागी ‘चहा कधीचा’ तसंच तंतोतंत येतं. चौथ्या ओळीत तर एक अक्षर बदललं की झालं:

ये पोदेरा, रात्र संपली
दारामध्ये वाट पाहिली
सारा निवला चहा कधीचा
तुझ्याविना रे बशीच उरली

मोजताना ‘तुझ्या’तला ‘तु’ लघुच धरा, कारण पुढच्या जोडाक्षराचा आघात त्याच्यावर येत नाही. ‘मध्ये’तल्या ‘म’वर तो येतो, म्हणून तो गुरू. कागदावर शंका आली तर ओळ मोठ्याने म्हणा. ‘सजणा’तल्या ‘सज’ या दोन लघूंच्या जागी ‘पोदेरा’त एक ‘दे’ आला आहे. ते चालतं, मुलं ‘दे’ दोन सुरांवर फिरवतात. उलट, लांब सुरावर दोन लघू बसवायला गेलात तर तिथे हमखास घाई होते. वरच्या पट्टीतल्या लांबलेल्या सुरावर आ, ओ किंवा ए ठेवा. ‘ई’वर मुलांचा आवाज चिरकतो.

यमक मूळचंच ठेवलंय, कारण कानाला तेच ओळखीचं असतं. पुढच्या कडव्यात उंडे, पोळी, काकण अशा पावांची टोपली रिकामी करता येईल, आणि मधल्या संगीतात खराखुरा पों-पों वाजवा. टाळी तिथेच पडेल.

कॅरिओके ट्रॅक आधी शेवटपर्यंत ऐका. कधी कधी मागच्या कोरसचे मूळ शब्द त्यात राहिलेले असतात आणि मुलं पोदेराला हाक मारत असताना मागून ‘सजणा’ ऐकू येतो. असा ट्रॅक सोडून पेटी-तबला घेतलेला बरा. पट्टीही मुलांच्या गळ्याला बघून ठरवा. मोठ्यांच्या गाण्यातले खालचे सूर या वयात नुसते पुटपुटल्यासारखे येतात. नाच बसवणाऱ्या बाईंनाही नवे शब्द आधीच द्या, नाहीतर हातवारे जुन्याच गाण्याचे होतील.

राहता राहिला परवानगीचा भाग. 1957च्या कॉपीराइट कायद्यातल्या कलम 52(1)(j)प्रमाणे, शाळेच्या उपक्रमात विद्यार्थी-शिक्षकांनी केलेल्या सादरीकरणाला सूट आहे, पण प्रेक्षक शाळेतले, पालक आणि उपक्रमाशी संबंधित लोक एवढेच असावेत. तिकीट लावून सगळ्यांना खुला कार्यक्रम केलात किंवा व्हिडिओ यूट्यूबवर टाकलात, तर या सुटीच्या भरवशावर राहू नका. शब्द बदलणं ही सादरीकरणापेक्षा वेगळी गोष्ट आहे. गीतकाराच्या निधनाला 60 वर्षं झाली नसतील तर हक्कधारकाला आधी विचारा. होकार येईपर्यंत दोन-तीन आठवडे हाताशी ठेवा, आणि नकार आला तर हेच शब्द एखाद्या पारंपरिक चालीवर बसवा. आठ-आठ मात्रांचा साचा तिथेही चालतो.