चुलतभाऊ, एकच धंदा आणि रातोरात आलेले एक स्टार

प्रश्न: चुलतभावाचं आणि माझं नाश्त्याचं दुकान एकाच शहरात आहे. ऑनलाइन रिव्ह्यूंवरून दोघांत भांडण लागलंय. काय करावं?

आमच्याच घरात हे घडलं, म्हणून लिहितो. माझं मिसळीचं दुकान कोल्हापुरात मंगळवार पेठेत, चुलत दादाचं राजारामपुरीत. एका रात्रीत माझ्या गुगल मॅपवरच्या पानावर अकरा एक-स्टार पडले. एकानं लिहिलं होतं, "वड्याचं तेल जुनं आहे." मी वडा तळतच नाही. मग प्रत्येकाचं प्रोफाइल उघडून पाहिलं. त्यातल्या नऊ जणांनी आयुष्यात दोनच रिव्ह्यू दिलेले, मला एक स्टार आणि दादाला पाच.

भांडायला जायच्या आधी स्वतःचं पान बघितलं, तेव्हा पाय जड झाले. पाच स्टार दिले की ताक फुकट, असा बोर्ड मीच गल्ल्यावर लावला होता. मोबदला देऊन रिव्ह्यू घेणं गुगलच्या नियमात बसत नाही आणि स्पर्धकाला पाडायला रिव्ह्यू लिहिणंही बसत नाही. दोघेही चुकलो होतो.

काकींच्या घरी बसलो. दोन्ही फोन समोर ठेवले. दादा म्हणाला, "लगा, कामावरच्या पोरांनी केलंय. मी सांगितलं न्हाई, पण कळल्यावर थांबवलं बी न्हाई." त्याच रात्री त्यानं पोरांना बसवून नऊही काढायला लावले. रिव्ह्यू ज्यानं लिहिला त्याला तो काढता येतो, नाहीतर गुगलला. दुकानदाराला फक्त गुगलकडे तक्रार करता येते, तीही नियम मोडला असेल तरच उपयोगाची. चव आवडली नाही म्हणून दिलेला स्टार तक्रारीनं जात नाही आणि जाऊही नये. मी ताकाचा बोर्ड काढला. आता बिल देताना सगळ्यांना एकच सांगतो, जसं वाटलं तसं लिहा.

अकरापैकी दोन मात्र खऱ्या गिऱ्हाइकांचे निघाले. एकानं लिहिलं होतं, "रविवारी साडेदहाला कट गार होता." खरंच होता. गर्दीत कटाचं पातेलं शेगडीवरून उतरवून वाढायच्या टेबलावर ठेवायचो. वर तेलाचा लाल थर असल्यानं गरम दिसायचा, पण पळी खाली घातली की कोमट लागायचा. आता पातेलं मंद आचेवरच राहतं आणि प्रत्येक वेळी तळापासून ढवळूनच वाढतो. हे कारण मी त्या रिव्ह्यूखाली जसंच्या तसं लिहिलं.

दुसरा पार्सलबद्दल होता: फरसाण भिजून लगदा झालं. तो वाचून दादानंच फोन केला. कट वेगळ्या डब्यात, फरसाण आणि कांदा कागदी पुडीत, ब्रेड निराळा, असं तो आधीपासून बांधत होता. त्याच्याकडून शिकून मीही तसंच बांधतो. ते दोन्ही रिव्ह्यू आजही माझ्या पानावर आहेत, खाली माझ्या उत्तरासकट.