पगारावरचा टप्पेवार कर: IF ची साखळी न लावता काढण्याचे सूत्र

प्रश्न: पगारावरचा कर स्लॅबनुसार काढायला मला एकात एक IF लिहीत बसावे लागते. VLOOKUP ने दर शोधून पगाराला गुणले, तर कर भलताच जास्त येतो. यासाठी एखादे आटोपशीर सूत्र आहे का?

उत्तर:

आहे. VLOOKUP तुम्हाला दर बरोबरच शोधून देत आहे. गडबड होते ती तो दर संपूर्ण उत्पन्नाला लावल्यामुळे. टप्पेवार करात वरचा दर फक्त त्या टप्प्यात शिरलेल्या रकमेला लागतो आणि खालच्या रकमेवर खालचेच दर राहतात. म्हणून कोष्टकात प्रत्येक टप्प्याच्या दरासोबत आणखी एक आकडा ठेवावा लागतो: त्या टप्प्याच्या सुरुवातीपर्यंत साचलेला एकूण कर. तो एकदा तिथे असला की IF ची गरजच उरत नाही.

उदाहरणासाठी चार टप्पे घेऊ. आकडे केवळ समजावण्यासाठी आहेत. तुम्हाला लागू असलेल्या मर्यादा आणि दर तिथे घाला. E कॉलममध्ये टप्प्याची खालची मर्यादा, F मध्ये दर आणि G मध्ये साचलेला कर आहे. पहिली ओळ शीर्षकांसाठी सोडली आहे.

```
     E         F      G
2    0         0%     0
3    250000    5%     0
4    600000    15%    17500
5    1000000   25%    77500
```

G मधले आकडे हाताने भरू नयेत. G2 मध्ये 0 लिहा, G3 मध्ये खालचे सूत्र लिहा आणि ते शेवटच्या ओळीपर्यंत ओढा.

```
=G2+(E3-E2)*F2
```

आता वर्षाचे करपात्र उत्पन्न B2 मध्ये असेल, तर कराचे सूत्र असे होईल:

```
=LOOKUP(B2,$E$2:$E$5,$G$2:$G$5)
 +(B2-LOOKUP(B2,$E$2:$E$5))
 *LOOKUP(B2,$E$2:$E$5,$F$2:$F$5)
```

B2 मध्ये ८,४०,००० घालून पाहा. LOOKUP हे दिलेल्या आकड्याइतकी किंवा त्याहून लहान असलेल्या मर्यादांपैकी सर्वांत मोठी मर्यादा निवडते, म्हणजे इथे ६,००,०००. त्या ओळीतला साचलेला कर १७,५०० आहे. ६,००,००० च्या वर उरलेले २,४०,००० आणि दर १५ टक्के, म्हणजे ३६,०००. एकूण कर ५३,५००. तुमच्या पद्धतीने सगळ्या ८,४०,००० ला १५ टक्के लावले असते, तर हाच आकडा १,२६,००० आला असता.

VLOOKUP वापरायचे असेल, तर शेवटचा घटक TRUE ठेवा, कारण FALSE ठेवल्यास ८,४०,००० हा नेमका आकडा कोष्टकात सापडत नाही आणि #N/A येते. मी LOOKUP पसंत करतो, कारण त्यात तो घटकच नसल्यामुळे तिथे चूक होण्याला वाव राहत नाही. दोन्ही बाबतींत E कॉलम चढत्या क्रमाने असणे अत्यावश्यक आहे. क्रम बिघडला, तर बहुतेक वेळा त्रुटी न दाखवता चुकीचा आकडा येतो, आणि तेच अधिक धोक्याचे असते.

मर्यादा लिहिताना विशेष काळजी घ्या. छापील तक्त्यांत टप्पे बहुधा ‘२,५०,००१ ते ६,००,०००’ असे दिलेले असतात आणि तसेच पाहून लोक E मध्ये 250001 किंवा 600001 टाकतात. तिथे 250000 आणि 600000 हेच हवे, नाहीतर साचलेल्या करात पैशांचा फरक पडत राहतो आणि ताळा जुळत नाही. बरोबर सहा लाख उत्पन्न असणाऱ्याचे काय, ही शंका येणे साहजिक आहे. त्याच्यासाठी ६,००,००० ची ओळ निवडली जाते, वरची रक्कम शून्य असते आणि कर १७,५०० येतो. खालच्या टप्प्यातून मोजला तरी तितकाच येतो. यातूनच एक चांगली चाचणी मिळते: B2 मध्ये मर्यादेच्या एक आकडा अलीकडचे आणि एक आकडा पलीकडचे उत्पन्न घालून पाहावे. कर किंचितच हलला, तर मांडणी ठीक आहे. मोठी उडी दिसली, तर दर पुन्हा सगळ्या उत्पन्नाला लागतो आहे किंवा G कॉलम चुकला आहे.

दुसरा ताळा मी वेगळ्या वाटेने घेतो. H कॉलममध्ये प्रत्येक दरातली वाढ लिहायची: H2 मध्ये =F2, H3 मध्ये =F3-F2, आणि पुढे ओढायचे. मग:

```
=SUMPRODUCT((B2>$E$2:$E$5)*(B2-$E$2:$E$5)*$H$2:$H$5)
```

८,४०,००० साठी २,५०,००० च्या वरच्या ५,९०,००० वर ५ टक्के म्हणजे २९,५००, आणि ६,००,००० च्या वरच्या २,४०,००० वर वाढीव १० टक्के म्हणजे २४,०००. बेरीज पुन्हा ५३,५००. हे सूत्र G कॉलमवर अवलंबून नाही, म्हणून त्याच्याशी उत्तर जुळले की विश्वास ठेवता येतो. केवळ लांबी पाहिली, तर हेच अधिक आटोपशीर आहे. तरीही पगारपत्रक दुसऱ्या कुणाला तपासायला द्यायचे असेल, तर साचलेल्या कराचे कोष्टक वाचायला फार सोपे जाते.

टप्पे बदलले की नवीन ओळ मधेच घालावी. शेवटच्या ओळीखाली लिहिलेला टप्पा $E$5 वर थांबणाऱ्या सूत्राला दिसतच नाही आणि सर्वांत जास्त पगार असणाऱ्यांचा कर कमी निघतो. मधे ओळ घातल्यावर सूत्रांची व्याप्ती आपोआप वाढते, मात्र नव्या ओळीच्या खालच्या G सेलमधले सूत्र अजून जुन्याच ओळीकडे बोट दाखवत असते. म्हणून G3 आणि H3 मधली सूत्रे पुन्हा शेवटपर्यंत ओढावीत.

मासिक कपातीबाबत एक गोष्ट आवर्जून सांगतो. मर्यादा वर्षाच्या असतील, तर B2 मध्ये महिन्याचा पगार घालू नका. ७०,००० हा आकडा २,५०,००० च्या खाली असल्याने कर शून्य दिसेल. वर्षाचा अंदाजित पगार धरून कर काढावा, त्यातून आतापर्यंत कापलेला कर वजा करावा आणि उरलेल्या महिन्यांनी भागावे. पहिले सहा महिने ७०,००० पगार असेल, तर वर्षाच्या ५३,५०० मधून दरमहा ४,४५८ कापले जातील. सातव्या महिन्यापासून पगार ९०,००० झाला, तर वर्षाचे उत्पन्न ९,६०,००० आणि कर ७१,५०० होतो. त्यातून कापलेले २६,७४८ वजा केले की ४४,७५२ उरतात, म्हणजे दरमहा सुमारे ७,४५९. पूर्णांकन ROUND ने फक्त या शेवटच्या आकड्याला करावे. हाच हिशेब दर महिन्याला नव्याने केला, तर पूर्णांकनाचा किरकोळ फरक शेवटच्या महिन्यात आपोआप मिटतो.

वजावटी पगारापेक्षा जास्त झाल्या, तर B2 ऋण होऊन #N/A येते; तिथे =MAX(0, पगार वजा वजावटी) अशा अर्थाचे सूत्र ठेवा. आणि एखाद्या मर्यादेपर्यंत सगळाच कर माफ, अशी सवलत असेल, तर ती या कोष्टकात बसवू नका. तिथे करात मुद्दामच उडी असते, त्यामुळे ती कर निघाल्यानंतर वेगळ्या सेलमध्ये एकाच IF ने लावावी.