गोवर्धनाचा खडक आणि हाशिया

प्रिय पोरी,

सप्रेम आशीर्वाद.

तुझं गोवर्धनाचं चित्र पोचलं. सोबतच्या चिठ्ठीत तू विचारलंस की दरबारी लघुचित्रात इराणी काय आणि आपलं काय, हे ओळखायचं कसं. तू जो प्रसंग निवडलास तोच घेऊन सांगतो, कारण याच प्रसंगाचं एक फार मोठं चित्र आपल्याकडे झालेलं आहे. मोठं म्हणजे कसबाने मोठं. आकाराने ते वहीच्या पानाएवढंच आहे.

अकबराने महाभारताचा फारसी अनुवाद करून घेतला, त्याच ओघात हरिवंशाचाही झाला. त्या हरिवंशाच्या पोथीतलं, साधारण १५९० ते १५९५ या काळातलं हे पान आता न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. ते मिस्कीन या चित्रकाराचं मानतात. संग्रहालयाच्या संकेतस्थळावर ते मोठं करून पाहता येतं. आधी कृष्णाकडे बघू नकोस, पहाडाकडे बघ.

तो पहाड व्रजातला नाही. तिथला गोवर्धन म्हणजे बुटकी, लांबट टेकडी. मिस्कीनचा पहाड उभा, सुळक्यासुळक्यांचा, एकावर एक रचलेल्या खडकांचा आहे. खडकांच्या कडा पोवळ्यासारख्या वळलेल्या, फटीफटीत झाडं आणि जनावरं. हा खडक चीनमधून इराणात आला आणि इराणी चित्रकारांनी पिढ्यान्‌पिढ्या घोटून आपलासा केला. हुमायून परागंदा असताना इराणच्या शाह तहमास्पच्या आश्रयाला गेला होता. तिथे त्याने मीर सय्यद अली आणि अब्दुस्समद हे दोन उस्ताद हेरले. १५४९ च्या सुमारास ते काबूलला त्याच्याकडे आले आणि पुढे हिंदुस्थानात. त्यांच्या हाताखाली इथल्या पोरांनी असले खडक गिरवले.

आता नजर खाली आण. पहाडाखाली गोकुळ दाटलंय: बायका, मुलं, म्हातारे, गाई. इथे हात बदलला नाही, पण मन बदललं. इराणी चित्रात माणसं सडपातळ, कापडाच्या घड्यांत हरवलेली, चेहरे बरेचसे एकाच साच्यातले. इथे माणसांना वजन आहे. प्रत्येक चेहरा वेगळा आहे आणि गाय ही दाराशी बांधलेली गाय पाहिलेल्या माणसाने काढलेली आहे. म्हणून तुझ्या प्रश्नाचं माझं उत्तर असं: कागद, रंग लावण्याची शिस्त, खडक, वर चढवलेलं क्षितिज हे इराणकडून आलं, शरीराचा भार आणि ओळखीची माणसं इथली. दोन्ही वेगळं काढायला गेलीस तर चित्र फाटेल, कारण एकाच कुंचलीने दोन्ही काढलंय.

आपल्या मुलखातही हे घडलंय, तेही आग्र्याची वाट न पाहता. अहमदनगरच्या हुसेन निजामशाहावरचं ‘तारीफ-इ-हुसेनशाही’ हे फारसी काव्य १५६५ च्या तालिकोटच्या लढाईनंतर लवकरच चित्रांसह लिहिलं गेलं. ती पोथी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. तिच्यातल्या एका चित्रात स्त्रीच्या स्पर्शाने झाड फुलतं. हा संस्कृत काव्यातला दोहद, आणि तो फारसी पोथीत! त्या चित्राच्या छापील प्रती मिळतात. एक समोर ठेव.

आता तुझ्या चित्राबद्दल. पहाडावर तुझा हिरवा रंग भेगाळलाय, आणि गाईंचा पांढरा बोटाला लागतो. दोन्हीचं मूळ गोंदात आहे. गोंद जास्त झाला की रंग चकाकतो आणि वाळताना तडकतो. कमी झाला की भुकटी होऊन सुटतो. रंग कालवलास की कागदाच्या तुकड्यावर पट्टी ओढ, पूर्ण वाळू दे, मग कोरडं बोट फिरव. बोट स्वच्छ राहिलं आणि पट्टी तिरकी धरल्यावर चमकली नाही, तरच चित्राला लाव.

दुसरं, तू घाई केलीस. गेरूची रेघ, तिच्यावर रेघ दिसत राहील इतका पातळ सफेदा, मग पक्की रेघ, मग रंगाचे पातळ थर. प्रत्येक थर वाळल्यावर चित्र गुळगुळीत दगडावर पालथं घालून पाठीमागून अकीक या गुळगुळीत खड्याने घोटायचं. त्याने रंग दाबला जाऊन सपाट, तुकतुकीत बसतो. ओलसर असताना घोटलंस तर रंग दगडालाच चिकटून येतो. कृष्णाच्या पीतांबराला पडलेला डाग तोच आहे. चेहऱ्याचा गोलावा अगदी शेवटी, खारीच्या केसांच्या कुंचलीने, बारीक ठिपक्या-रेघांनी आणायचा. याला परदाज म्हणतात. तू तो ओल्या रंगात पसरवून आणलास, म्हणून गाल सुजल्यासारखे दिसतात.

हाशियाबद्दल, म्हणजे चित्राभोवतीच्या काठाबद्दल, मात्र मला सविस्तर बोलायचंय, कारण तू चित्राभोवती लाल-हिरवी वेलबुट्टी दाटून काढलीस आणि चित्र गुदमरलं.

मुरक्कामध्ये, म्हणजे चित्रं आणि सुलेखनाची पानं एकत्र बांधलेल्या संग्रहात, हाशियाचा कागद वेगळा असतो. त्यात चित्र बसवतात आणि सांधा झाकायला भोवती सोन्याच्या आणि रंगीत रेघा ओढतात. ती जदवल. म्हणजे रेघांना काम आहे, त्या नुसती शोभा नाहीत. जदवलीतली हिरवी रेघ बहुधा जंगालाची, म्हणजे तांब्याच्या गंजाची असते, आणि जंगाल कागद खातो. जुन्या पोथ्यांत नेमक्या त्या रेघेवर कागद तपकिरी होऊन तुटतो आणि आतलं चित्र सुटून येतं. इराणी कारागीर जंगालात केशर मिसळत, त्याने खाणं मंदावतं. तू हिरव्यासाठी नीळ आणि हरताळ हा पिवळा रंग मिसळून घे.

जहांगीराच्या काळातल्या हाशियांत बरंचसं काम नुसत्या सोन्याने केलेलं असतं. कागद बदामी, त्यावर सोनेरी झाडं, खडक, पाखरं. समोरून पाहिलं तर धुकं वाटतं. पान कलतं केलं की सगळं उजळतं. त्या धुक्यात मोजकीच माणसं हलक्या रंगात काढलेली. वॉशिंग्टनच्या फ्रीअर संग्रहालयात असं एक पान आहे, मधे सुलेखन आणि भोवती ग्रंथ घडवणारे कारागीर. त्यांतला एक कागद घोटत बसलाय. घोटणाऱ्याला घोटलेल्याच कागदावर जागा दिली, हे पाहून मला दर वेळी भरून येतं. पुढे शाहजहानच्या काळी हाशियात फुलझाडं आली, एकेक रोप सुटं, भोवती मोकळी जागा, कडेला सोन्याची रेघ.

दोन्हींत हाशिया चित्रापेक्षा हलक्या आवाजात बोलतो. त्याचा सर्वांत गडद रंगही चित्रातल्या गडद रंगापेक्षा फिका असतो, आणि त्यातल्या आकृती विरळ असतात. तुझ्या चित्रात गर्दी पहाडाखाली आहेच. तीच गर्दी चौकटीत केलीस तर डोळ्याला टेकायला जागा उरत नाही.

तेव्हा असं कर. चित्र हाशियातून सोडव, पण ओलं करून नको, रंग विरघळेल. जदवलीच्या बाहेरून पट्टी लावून काप. नवा बदामी कागद घोटून घे, आणि त्यावर फक्त सोन्याने आठ-दहा रोपं काढ. कदंब काढ, दर्भ काढ, तुला रोज दिसणारं काहीही काढ, पण एकेक, सुटं. चिकटवण्याआधी हाशिया आणि चित्र शेजारी ठेवून दहा पावलं मागे जा. डोळा आधी हाशियावर गेला तर अजून दोन रोपं कमी कर. चिकटवायच्या आधी माझ्याकडे पाठव, खळीचं प्रमाण समोर बसून दाखवतो.

तुझा,
काका