मासे, अंडी सगळं खाऊनही बी१२ परत परत का उतरतं?

प्रश्न: आई ५८ वर्षांची, रोज मासे नाहीतर अंडी खाते. तरी बी१२ ९८, हिमोग्लोबिन ८.४, लाल पेशींचा आकार म्हणजे एमसीव्ही ११६, पायाला मुंग्या येतात. मागच्या वर्षी इंजेक्शनचा कोर्स झाला तेव्हा बरी होती, आता परत तेच. डॉक्टरांनी इंट्रिन्सिक फॅक्टर अँटीबॉडी टेस्ट लिहून दिलीय. खाल्लेलं अंगाला का लागत नाही?

मी पॅथॉलॉजिस्ट आहे, असे रिपोर्ट नेहमी बघते. आपल्याकडे बी१२ कमी म्हटलं की शाकाहारी असणार असंच धरतात आणि बऱ्याचदा ते खरंही असतं, पण रोज मासे खाणाऱ्या बाईचं ९८ येतं तेव्हा ताटाकडे नाही, जठराकडे बघायचं, आणि परनिशस अ‍ॅनिमिया नावाच्या आजाराचा संशय घ्यायचा.

माशातलं बी१२ प्रोटीनला चिकटलेलं असतं, जठरातलं अ‍ॅसिड आणि पेप्सिन ते सोडवतात, मग लाळेतून आलेलं हॅप्टोकॉरिन नावाचं प्रोटीन त्याला धरून लहान आतड्यापर्यंत नेतं, तिथे स्वादुपिंडाचा रस हॅप्टोकॉरिनला पचवून टाकतो आणि मोकळं झालेलं बी१२ इंट्रिन्सिक फॅक्टरला जाऊन चिकटतं. हा फॅक्टर जठराच्या अस्तरातल्या पॅरायटल पेशी बनवतात, अ‍ॅसिडही त्याच बनवतात. ही जोडी मग अख्खं लहान आतडं पार करून अगदी शेवटच्या भागात, इलियममध्ये पोचते आणि तिथला रिसेप्टर तिला आत घेतो. तो जोडीलाच ओळखतो, एकट्या बी१२ला नाही.

परनिशस अ‍ॅनिमियात शरीराची स्वतःचीच इम्युनिटी पॅरायटल पेशींवर उलटते. पेशी हळूहळू मरतात, त्यामुळे अ‍ॅसिडही कमी आणि फॅक्टरही कमी, आणि जो थोडाफार फॅक्टर बनतो त्याला अँटीबॉडी गाठतात. एका प्रकारच्या अँटीबॉडी बी१२ जिथे बसतं ती जागाच अडवतात, दुसऱ्या प्रकारच्या जोडी जमू देतात पण इलियमच्या रिसेप्टरला ती चिकटू देत नाहीत. दोन्हीकडून निकाल एकच, मासे पचतात, त्यातलं प्रोटीन मिळतं, बी१२ मात्र बहुतेक सगळं संडासावाटे निघून जातं.

आता परत का उतरलं ते. लिव्हर रोज थोडं बी१२ पित्तातून आतड्यात सोडतं आणि निरोगी माणसात त्यातलं बरंचसं परत शोषलं जातं, पण त्या परतीच्या प्रवासालाही इंट्रिन्सिक फॅक्टरच लागतो. म्हणजे आईंचं नवीन येत नाही ते वेगळं, साठ्यातलंही गळत राहतं. म्हणून नुसतं खाण्यात नसलेल्या माणसाचा साठा वर्षानुवर्षं पुरतो आणि यांचा कोर्स थांबला की काही महिन्यांत खाली यायला लागतो.

टेस्टबद्दल एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. पॉझिटिव्ह आली तर निदान जवळजवळ पक्कं, दुसऱ्या कशात ती सहसा पॉझिटिव्ह येत नाही. पण निगेटिव्ह आली म्हणून "हे नाहीच" असं कोणी म्हटलं तर ऐकू नका, आजार असलेल्या कितीतरी पेशंटमध्ये ती निगेटिव्हच येते, अशा वेळी रक्तातल्या गॅस्ट्रिन या हार्मोनवरून आणि एन्डोस्कोपीत घेतलेल्या जठराच्या तुकड्यावरून ठरवतात. आणि नुकतंच बी१२चं इंजेक्शन घेतलं असेल तर काही पद्धतींमध्ये ही टेस्ट खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते, त्यामुळे रक्त आधी द्या, इंजेक्शन नंतर. पण रक्त दिल्यावर रिपोर्टची वाट बघत बसू नका, पायाला मुंग्या म्हणजे नसांपर्यंत गेलंय आणि तिथे उशीर झाला तर सगळं भरून येतंच असं नाही.

इंजेक्शन जठर-आतडं टाळून थेट रक्तात जातं म्हणून लागू पडतं. सुरुवातीला जवळजवळ दिवसाआड, मग अंतर वाढवत न्यायचं पण थांबवायचं नाही, कारण मेलेल्या पेशी काही परत येत नाहीत. गोळीचं विचाराल तर फॅक्टरशिवायही साधारण एक टक्का बी१२ आपोआप झिरपतं, म्हणजे १००० मायक्रोग्रॅमच्या गोळीतून १० आत जातात आणि रोजची गरज दोन-अडीचची असते, त्यामुळे नंतर रोजच्या मोठ्या डोसच्या गोळीवर काही जणांचं भागतं. माशाच्या तुकडीत मात्र मुळात काही मायक्रोग्रॅमच असतात, त्याचा एक टक्का म्हणजे काहीच नाही. मुंग्या असेपर्यंत मी इंजेक्शनच म्हणेन.

नुसतं फॉलिक अ‍ॅसिड सुरू करू नका, त्याने हिमोग्लोबिन वर येतं आणि सगळं ठीक वाटतं, नसांचं नुकसान मात्र चालूच राहतं. डॉक्टरांना फेरिटिन आणि टीएसएचही करायला सांगा, अ‍ॅसिड नसल्याने लोहही नीट शोषलं जात नाही आणि थायरॉईडचा ऑटोइम्यून आजार याच्या जोडीने बऱ्याचदा निघतो.