हमी नक्की कोण देतंय?

"मॅडम, पणजीच्या एका कन्सल्टंटच्या वेबसाइटवर लिहिलंय, प्रवेशाची हमी, शंभर टक्के व्हिसा, युकेतल्या ६० विद्यापीठांशी थेट करार. फी दीड लाख, त्यातली निम्मी शनिवारपर्यंत भरायची. भरू का?"

डिचोलीहून माझ्याकडे समुपदेशनासाठी आलेल्या एका वडिलांचा हा प्रश्न. पदवीचे निकाल लागले की फोंडा, पेडणे, साखळीहून येणारे पालकही जवळपास हेच विचारतात, फक्त देश आणि रक्कम बदलते. म्हणून त्यांच्या परवानगीने, ओळख बदलून, ही हकीकत लिहिते आहे. बऱ्याच भेटींमधलं मोजकंच इथे घेतलं आहे.

वडिलांचा खनिज वाहतुकीचा ट्रक. मुलगी सायली बीएस्सी झालेली, युकेत डेटा सायन्समध्ये मास्टर्स करायचं म्हणणारी. पहिल्या भेटीत वडील म्हणाले, "कोणी खात्री दिली तर मी पैसे देतो. खात्री नसेल तर बायला पाठवणार नाही."

त्यांची भीती मला समजत होती. पण विवेकनिष्ठ विचारपद्धतीने काम करताना मी एक गोष्ट वारंवार पाहिली आहे. "खात्री हवीच" असा हट्ट मनात धरून बसलेला माणूस खात्री विकणाऱ्याला फार लवकर सापडतो. म्हणून मी त्यांना कन्सल्टंट चांगला की वाईट हे सांगितलंच नाही. एवढंच विचारलं, "या तीन गोष्टींचा निर्णय कोणाच्या हातात आहे? आणि ज्याच्या हातात आहे, तो स्वतः काय म्हणतो?"

सायलीने करारापासून सुरुवात केली. वेबसाइटवरच्या लोगोंमधून तिला आवडणारी सहा विद्यापीठं निवडली आणि प्रत्येकाच्या स्वतःच्या वेबसाइटवर भारताचं पान उघडलं. युकेतली बरीच विद्यापीठं आपल्या अधिकृत प्रतिनिधींची देशवार यादी तिथे देतात. कन्सल्टंटचं नाव एकाही यादीत नव्हतं. दोन विद्यापीठांकडे यादीच नव्हती, म्हणून तिने त्यांच्या आंतरराष्ट्रीय विभागाला तीन ओळींची ईमेल केली: ही संस्था तुमची प्रतिनिधी आहे का, तुमच्या वतीने ती अर्ज पाठवू शकते का, विद्यार्थ्याकडून फी घेण्याची तिला मुभा आहे का. एकाकडून उत्तर आलं की या नावाच्या संस्थेशी आमचा करार नाही. दुसऱ्याने एका मोठ्या कंपनीचं नाव कळवलं. पणजीचा माणूस त्या कंपनीखालचा उपएजंट निघाला.

उपएजंट असणं हा गुन्हा नव्हे, अशी पुष्कळ कामं होतात. पण मग "थेट करार" हे शब्द खोटे ठरतात. शिवाय विद्यापीठ एजंटला सहसा पहिल्या वर्षाच्या शिक्षणशुल्कातून कमिशन देतं, त्यामुळे अनेक अधिकृत प्रतिनिधी विद्यार्थ्याकडून काहीच घेत नाहीत. मग दीड लाख कशाचे? हा प्रश्न सायलीलाच सुचला आणि मला मनापासून आनंद झाला.

प्रवेशाच्या हमीचा उलगडा कन्सल्टंटनेच दाखवलेल्या एका नमुना पत्रातून झाला. ते पत्र सशर्त ऑफरचं होतं. अंतिम गुण अमुक इतके हवेत, इंग्रजीच्या परीक्षेत एवढे, मग डिपॉझिट. युकेच्या विद्यार्थी व्हिसासाठी ऑफर लेटर पुरत नाही, विद्यापीठाने दिलेला कॅस क्रमांक, म्हणजे प्रवेश पक्का केल्याच्या नोंदीचा क्रमांक, लागतो. तो देण्याआधी बरीच विद्यापीठं स्वतः मुलाखत घेतात, पैशांची कागदपत्रं तपासतात. कारण आपण कॅस दिलेल्यांपैकी कितीजणांचे व्हिसा नाकारले गेले याचा हिशेब ब्रिटिश गृहखातं विद्यापीठाकडून मागतं. प्रमाण वाढलं तर विद्यार्थी बोलावण्याचा परवानाच धोक्यात येतो. त्यामुळे शंकास्पद अर्ज विद्यापीठच आपल्या पातळीवर थांबवतं.

इथेच मला वेबसाइट्सवरच्या त्या "९५ टक्के यश" वगैरे आकड्यांचं गणित दिसलं आणि मी ते वडिलांसमोर कागदावर मांडलं. समजा, ५० मुलांनी फी भरली. ३५ जणांना ऑफर आली, २० जणांना कॅस मिळाला, १९ जणांना व्हिसा. जाहिरातीत २० पैकी १९ म्हणजे ९५ टक्के येतात. फी भरलेल्या ५० पैकी उरलेले ३० कुठल्याच आकड्यात नसतात. वडील कागदाकडे बराच वेळ बघत राहिले. "म्हणजे विचारायला हवं की फी किती जणांनी भरली?" होय, तेच. तेव्हापासून हा कागद मी प्रत्येक पालकासमोर मांडते.

व्हिसाच्या हमीवर मात्र ते अडून होते. मी सायलीला कन्सल्टंटच्या करारपत्राची प्रत मागवायला सांगितलं आणि वडिलांना ती स्वतः मोठ्याने वाचायला लावली. चौथ्या पानावर ते थांबले. "व्हिसाचा निर्णय सर्वस्वी संबंधित सरकारचा राहील. नकार आल्यास सेवाशुल्क परत केलं जाणार नाही." तीच ओळ त्यांनी पुन्हा वाचली. मग म्हणाले, "ट्रकचं कर्ज काढताना एजंट म्हणायचा, बँक नाही म्हणणारच नाही. पण सही मॅनेजरचीच लागली." मी गप्प राहिले. माणूस स्वतःच्या तोंडून जे ऐकतो ते त्याला पटतं, आणि अशा वेळी बोलणं आवरणं हे माझ्या कामातलं मला सगळ्यात मोलाचं वाटतं.

तरीही "शंभर टक्के" येतं कुठून, हे त्यांनी विचारलं. सायलीला फोनवर सांगितलं गेलं होतं, "बॅलन्स कमी असेल तर आम्ही दाखवून देऊ." या एका वाक्यासाठी मी त्या कन्सल्टंटला नकार दिला असता. ११ नोव्हेंबर २०२५ पासून लंडनबाहेर राहण्याच्या खर्चासाठी महिना १,१७१ पौंडांप्रमाणे नऊ महिन्यांचे १०,५३९ पौंड दाखवावे लागतात, शिवाय न भरलेलं शिक्षणशुल्क. ही रक्कम स्वतःच्या किंवा आईवडिलांच्या खात्यात सलग २८ दिवस असावी लागते, मध्ये एक दिवसही कमी होता कामा नये. उसनी आणून दाखवलेली रक्कम आणि बनावट पत्रं उघडकीला आली, तर फसवणुकीच्या कारणावरून १० वर्षांपर्यंत युकेचा व्हिसा बंद होऊ शकतो. ती बंदी विद्यार्थ्यावर लागते, कन्सल्टंटवर नाही.

आणखी एक जुना दावा कन्सल्टंटच्या वेबसाइटवर होता: "शिकून झाल्यावर दोन वर्षं काम." १ जानेवारी २०२७ पासून ग्रॅज्युएट रूट या शिक्षणानंतरच्या व्हिसासाठी अर्ज करणाऱ्या मास्टर्सवाल्यांना १८ महिनेच मिळणार आहेत, आणि सायलीचा कोर्स त्यानंतरच संपणार होता. हे तिने gov.uk वर वाचलं. तिथलीच Register of licensed sponsors: students ही परवानाधारकांची यादीही तिने उघडली आणि अर्जासाठी शेवटी निवडलेली दोन्ही विद्यापीठं त्यात असल्याची खात्री करून घेतली.

शनिवारी पैसे भरले गेले नाहीत. सायलीने दोन्ही अर्ज विद्यापीठांच्या पोर्टलवरून स्वतः केले. डिपॉझिट भरण्याआधी वडिलांनी तिच्याकडून परताव्याचे नियम वाचून घेतले: व्हिसा नाकारला तर नकाराचं पत्र पाठवून रक्कम परत मागता येते, खोटी कागदपत्रं दिलेली असतील तर नाही. मग बँकेत जाऊन त्यांनी व्हिसासाठी दाखवायची रक्कम सायलीच्या खात्यात टाकली आणि २८ दिवस कधी पुरे होतात ती तारीख घरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवली.