आयन, सुपरकंडक्टिंग, फोटॉन: एकच सर्किट तिघांवर चालवून पाहू

प्रश्न: मी फर्मागुडीला इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सेमिनारसाठी तक्ता केलाय. सुपरकंडक्टिंग क्युबिटचं गेट नॅनोसेकंदांत होतं, आयनचं हजारपट हळू, आणि फोटॉनचा कोहेरन्स तर जवळजवळ संपतच नाही. मग इतकं हळू असून लोक आयनच्या मागे का आहेत? आणि फोटॉनिकवाले अजून पुढे का नाहीत गेले?

उत्तर:

तुझ्या तक्त्यातले आकडे बरोबर आहेत. पण तिन्ही रकाने तू वेगवेगळे वाचतोयस. वेग, जोडणी आणि कोहेरन्स या तिन्हींचा हिशोब एका सर्किटवर एकत्र मांडला की चित्र बदलतं. म्हणून एकच छोटं सर्किट घेऊ आणि ते तिन्हीकडे चालवू.

यासाठी २०१७ सालची एक तुलना फार उपयोगी आहे. मेरीलँड विद्यापीठातल्या गटाने आपल्या पाच आयनांच्या मशीनवर आणि आयबीएमच्या तेव्हाच्या पाच क्युबिटच्या क्लाउड मशीनवर तीच ती अल्गोरिदम चालवली. आयबीएमच्या चिपवर क्युबिट ताऱ्यासारखे जोडलेले होते, म्हणजे मध्ये एक आणि बाकीचे चार फक्त त्या मधल्याशी जोडलेले. आयनांच्या मशीनमध्ये कुठल्याही दोघांमध्ये थेट गेट करता येत होतं.

आधी वेग आणि कोहेरन्स बघू. आयबीएमवर दोन क्युबिटचं गेट २५० ते ४५० नॅनोसेकंदांत होत होतं आणि कोहेरन्स, म्हणजे क्युबिटची अवस्था टिकण्याचा काळ, साधारण ६० मायक्रोसेकंद होता. भागाकार कर, एका आयुष्यात दीड-पावणेदोनशे गेट बसतात. आयनांचं गेट २५० मायक्रोसेकंदांचं, म्हणजे जवळपास सातशेपट हळू. पण कोहेरन्स अर्ध्या सेकंदाच्या आसपास. तिथे दोन हजार गेट बसतात. तुझ्या 'मागे का आहेत' या प्रश्नाचं पहिलं उत्तर हा भागाकार. घाई कोणाला किती आहे हे त्यातून कळतं, नुसत्या वेगातून नाही.

हा फरक कुठून येतो तेही समजून घे, कारण परीक्षक नेमकं तेच विचारतील. ट्रॅन्समॉन, म्हणजे आयबीएमच्या चिपवरचा सुपरकंडक्टिंग क्युबिट, हे माणसाने घडवलेलं सर्किट आहे. शेजारचे दोन क्युबिट विद्युतक्षेत्रातून घट्ट जोडता येतात, म्हणून गेट झटपट होतं. पण ज्या घट्टपणामुळे ते शेजाऱ्याशी बोलतात, त्याचमुळे धातू आणि ऑक्साइडच्या थरांतल्या बारीकसारीक दोषांशीही बोलतात आणि ऊर्जा तिकडे गळते. आयनाचं उलट. इटर्बियम-१७१ च्या ज्या दोन पातळ्या ० आणि १ म्हणून वापरतात, त्या बाहेरच्या चुंबकीय क्षेत्राला फारशी दाद देत नाहीत. बीजिंगच्या त्सिंगह्वा विद्यापीठात तर मोजमापांवरून अशा एका आयनाचा कोहेरन्स एका तासाहून जास्त असल्याचा अंदाज काढला गेला आहे. मात्र दोन आयन एकमेकांशी थेट बोलत नाहीत. त्यांना एकत्र हलवावं लागतं, आणि सापळ्यातलं ते हेलकावणं काही मेगाहर्ट्झच्या घरातलं असतं. लेझरने हवी ती हालचाल उचलायची, नको ती सोडायची आणि शेवटी सगळी हालचाल पुन्हा शांत करायची, तर नेहमीच्या पद्धतीने अनेक हेलकावे थांबावंच लागतं. हळूपणा येतो तो इथून. ऑक्सफर्डच्या गटाने २०१८ मध्ये १.६ मायक्रोसेकंदांत चांगल्या दर्जाचं गेट करून दाखवलं आहे, पण ते दोन आयनांवर. लांब साखळीत तेच करणं वेगळं काम आहे.

आता जोडणी. वरच्या तुलनेतलं 'हिडन शिफ्ट' नावाचं सर्किट घे. चार क्युबिट आहेत, त्यांना अ, आ, इ, ई म्हणू. अ-आ मध्ये CZ नावाचं दोन क्युबिटचं एक गेट, इ-ई मध्ये एक. मग प्रत्येकावर एकेरी गेट. मग पुन्हा अ-आ आणि इ-ई. दोन क्युबिटची एकूण चार गेट झाली. आयनांवर चारची चारच राहतात.

ताऱ्यावर बघ. अ मधोमध ठेव. अ-आ झालं. आता इ-ई करायचंय, पण ते दोघंही टोकाला आहेत, त्यांच्यात तार नाही. म्हणून अ आणि इ यांची अदलाबदल करायची, म्हणजे SWAP, आणि एका SWAPला CNOT नावाची दोन क्युबिटची तीन गेट लागतात. मग इ-ई. दुसऱ्या फेरीत इ मध्येच आहे म्हणून इ-ई आधी उरकून घ्यायचं, मग पुन्हा SWAP, मग अ-आ. मोज: चार अधिक सहा, दहा गेट. म्हापशाहून डिचोलीला जायला प्रत्येक वेळी पणजी स्टँडवर उतरून बस बदलावी लागली तर जे होईल, तेच इथे होतं.

त्या वेळी आयनांचं दोन क्युबिटचं गेट साधारण ९७ टक्के बरोबर येत होतं, आयबीएमचं ९६.५ टक्के. म्हणजे गेटचा दर्जा जवळपास सारखाच. पण ०.९७ चा चौथा घात ०.८९ येतो आणि ०.९६५ चा दहावा घात ०.७०. आयबीएमचं वाचनही तेव्हा कच्चं होतं, एकेका क्युबिटला सुमारे ९६ टक्के, म्हणजे चौघांचं मिळून ०.८५. गुणाकार साठच्या आसपास येतो. प्रत्यक्ष प्रयोगात आयनांवर बरोबर उत्तर सुमारे ७७ टक्के वेळा आलं आणि आयबीएमवर सुमारे ३५ टक्के. आपला अंदाज आणि ३५ यांच्यातली दरी नीट लक्षात ठेव. आपण प्रत्येक चूक सुटी धरून गुणाकार केला. खऱ्या चिपवर एका गेटमुळे शेजारचा क्युबिटही हलतो, रांगेत थांबलेले क्युबिट विझत जातात, आणि चुका एकाच दिशेने साचतात. मोजलेला निकाल असा गुणाकाराच्या खाली गेला की समजायचं, दोष एकट्या गेटमध्ये नाही.

इथे दोन गोष्टी सांगायलाच हव्यात, नाहीतर तू सुपरकंडक्टिंगवर अन्याय करशील. पहिली: अ-आ आणि इ-ई या जोड्या एकमेकींना कुठेच भेटत नाहीत. त्यामुळे अ-आची दोन्ही गेट आधी उरकली, मग एकच SWAP केला आणि इ-ईची दोन्ही केली, तर दहाऐवजी सातांत भागतं. सर्किट कुठल्या क्रमाने लिहिलं यावर इतकं अवलंबून असतं. दुसरी: आयबीएमच्या त्यानंतरच्या पाच क्युबिटच्या चिपवर टोकाच्या क्युबिटांमध्ये दोन जोड वाढवले होते, आकार बो-टायसारखा. त्यावर अ-आ आणि इ-ई थेट बसतात, SWAP शून्य. म्हणजे 'सुपरकंडक्टिंगची जोडणी वाईट' हे वाक्य अर्धवट आहे. तुझं सर्किट त्या नकाशावर बसतं का, हा खरा प्रश्न. शेजारच्या शेजारी बोलणारं सर्किट असेल, चूक-दुरुस्तीच्या सरफेस कोडसारखं, तर चौकोनी जाळीवर एकही SWAP लागत नाही.

आणि 'आयनांत सगळे सगळ्यांशी जोडलेले' हेही एका साखळीपुरतं खरं. साखळी लांबली की हेलकाव्यांचे प्रकार वाढतात, त्यांच्या वारंवारता एकमेकींना खेटतात, आणि हवा तो वेगळा काढायला गेट आणखी हळू करावं लागतं. म्हणून क्वांटिन्यूअमसारख्या कंपन्या आयन उचलून सापळ्यातून फिरवतात. अशा मशीनवर गेटपेक्षा आयन हलवण्यात आणि पुन्हा थंड करण्यात जास्त वेळ जातो. तक्त्यात फक्त गेटचा वेळ लिहिलास तर हा सगळा खर्च दिसतच नाही.

फोटॉनवर हेच सर्किट चालव. कोहेरन्सची चिंता नाही हे खरं, पण दोन फोटॉन एकमेकांना ओळखतच नाहीत, सरळ आरपार जातात. निल, लाफ्लाम आणि मिलबर्न यांनी २००१ मध्ये दाखवलं की आरसे, बीम-स्प्लिटर आणि डिटेक्टर एवढ्यावर CZ करता येतं, फक्त ते नशिबावर चालतं. त्यांच्या मूळ रचनेत ते १६ वेळांतून एकदा जमतं, आणि जमलं की नाही ते डिटेक्टर सांगतो. आपल्याला चार CZ हवीत. १६ चा चौथा घात ६५,५३६. सरासरी इतक्या प्रयत्नांत एकदा पूर्ण सर्किट पार पडेल. पुढे याहून बऱ्या रचना निघाल्या, तरी घाताचं गणित तेच राहतं. म्हणून फोटॉनिकवाले सर्किट असं चालवतच नाहीत. ते आधी छोट्या गुंतलेल्या अवस्था तयार करतात, जमलेल्या ठेवतात, बिघडलेल्या टाकतात, आणि मग मोजमाप करून त्या जोडत जातात.

ठेवतात म्हणजे कुठे, तर फायबरच्या वेटोळ्यात. इथे फोटॉनचा खरा शत्रू समोर येतो: तो विझत नाही, हरवतो. काचेत प्रकाशाला मीटरला ५ नॅनोसेकंद लागतात, म्हणजे १ मायक्रोसेकंद थांबवायला २०० मीटर फायबर. चांगल्या फायबरमध्ये किलोमीटरला ०.२ डेसिबल जातात, त्यामुळे या थांब्यात जेमतेम १ टक्का फोटॉन हरवतील. हे चालण्यासारखं आहे. पण पणजी ते मडगाव ३३ किलोमीटर धरले तर ६.६ डेसिबल होतात आणि पाचांतला एखादाच पोचतो. चिपमधून फायबरमध्ये शिरताना आणि स्विचमधून जाताना गळती होते ती वेगळी. तेव्हा तुझ्या तक्त्यात फोटॉनच्या रांगेत कोहेरन्सच्या जागी 'गळती' लिही आणि गेटच्या वेगाच्या जागी 'जमण्याची शक्यता'. जोडणीत मात्र फोटॉन सर्वांत मोकळा. फायबर जिथे नेशील तिथे तो जातो.

मग वेगाला किंमत कधी? गणना लांबली की. गिडनी आणि एकेरो यांनी २०१९ मध्ये हिशोब मांडला होता: २०४८ बिटचं आरएसए फोडायला २ कोटी सदोष क्युबिट आणि ८ तास. त्यात चूक-दुरुस्तीची एक फेरी १ मायक्रोसेकंदात होते असं धरलंय. गूगलच्या विलो चिपवर ती फेरी १.१ मायक्रोसेकंदांत होते, तेव्हा हे गृहीतक हवेतलं नाही. आता तीच पद्धत, तीच रचना ठेवून फेरी १ मिलिसेकंदाची कर. ८ तासांचे ८,००० तास होतात, म्हणजे ११ महिने. आयनवाल्यांचं उत्तर असं की मोकळ्या जोडणीमुळे त्यांना कमी क्युबिटांत भागणारे वेगळे कोड वापरता येतात. ते मला पटतं, पण त्याने हजारपट भरून निघेल असं मी आज म्हणणार नाही.

सेमिनारसाठी एक काम कर. तुझं सर्किट किस्किट या आयबीएमच्या पायथन लायब्ररीत लिही आणि `transpile` करताना `coupling_map` एकदा तारा, एकदा चौकोनी जाळी आणि एकदा काहीही न देता चालव. प्रत्येक वेळी `basis_gates=['rz', 'sx', 'x', 'cx']` दे, नाहीतर SWAP तीनऐवजी एकच गेट म्हणून मोजलं जाईल, आणि `count_ops()` मधून दोन क्युबिटची गेट मोज. `optimization_level` शून्य ठेव आणि दोन फेऱ्यांच्या मध्ये एकदा `barrier()` घालून, एकदा न घालता बघ, म्हणजे दहा आणि सात यांतला फरक कशाने पडतो ते तुलाच दिसेल. आकडे आले की इथे टाक, त्यावरून पुढे बोलू.