शब्द मराठीतून, क्रियापद कन्नडमधून: बंगालीचे आठ आठवडे

*मी खानापूरची. बी.एस्सी. झालंय, कोलकात्यात एम.एस्सी.ला प्रवेश मिळालाय. वर्ग इंग्रजीत असतील, पण मेस, बाजार, घरमालकीण सगळं बंगालीत. हातात आठ आठवडे आहेत, रोज तासभर देऊ शकते. घरी मराठी, कन्नड शाळेपासून येतं. आधी लिपी शिकू की बोलणं?*

लिपी, पण तिला दोनच आठवडे दे. अक्षरांचा क्रम आपल्यासारखाच आहे, त्यामुळे अडचण ओळखीची नाही, सवयीची येते. 'ए'ची मात्रा अक्षराच्या डावीकडे बसते आणि 'ओ'ची अक्षराला दोन्ही बाजूंनी कवेत घेते. घाईत ती मात्रा आधीच्या अक्षराला लागते आणि शब्द बिघडतो. दुसरी गोष्ट टिंबाची. 'ब'खाली टिंब दिलं की 'र' होतो. 'य' दिसतो तो 'ज' वाचायचा. खाली टिंब असेल तरच 'य'. आकडे पहिल्याच दिवशी पाठ कर. बंगाली ४ इंग्रजी आठासारखा दिसतो आणि ७ इंग्रजी नवासारखा, म्हणजे ४७ नंबरची बस तुला ८९ वाटेल.

तिसरा आठवडा उच्चारांना. लिहितात 'लक्ष्मी', म्हणतात 'लोक्खी'. 'स्वामी'चा 'शामी' होतो, 'सत्य'चा 'शोत्तो'. जोडाक्षरात मागून आलेले व, म, य बहुतेकदा स्वतः ऐकू येत नाहीत, शब्दाच्या मध्ये असले तर आधीचं अक्षर दुप्पट करतात. ण आणि न एकच, ऱ्हस्व-दीर्घाचा फरक फक्त लिहिण्यात. 'च' आणि 'ज' कन्नडसारखे म्हण. आपल्या 'चाका'तला च आणि 'जरा'तला ज कोलकात्याच्या बोलीत नाहीत.

अक्षरातला 'अ' बहुधा 'बॉल'मधल्या 'ऑ'सारखा असतो, पण पुढच्या अक्षरात इ किंवा उ आला की 'ओ' होतो. लिहिताना दोन्हीकडे 'कर'च, पण बोलताना 'ती करते' म्हणजे 'शे कॉरे' आणि 'मी करते' म्हणजे 'आमि कोरि'. याच नियमाने 'शे दॅखे' पण 'आमि देखि', 'शे शोने' पण 'आमि शुनि'. हा नियम कानात बसला की क्रियापदांची निम्मी भीती जाते.

चौथ्यापासून सातव्यापर्यंतचे चार आठवडे क्रियापदांना ठेव. मराठी माणूस इथेच अडकतो आणि इथेच तुझं कन्नड कामाला येतं. आपण 'मी भाकरी खाल्ली' आणि 'मी भात खाल्ला' म्हणतो. क्रियापद खाण्याच्या वस्तूकडे बघतं. बंगालीत ते खाणाऱ्याकडे बघतं: 'आमि रुटि खेलाम', 'आमि भात खेलाम'. कन्नडमध्ये 'नानु रोट्टी तिंदे' म्हणतेस, तोच साचा. 'त्याने'तला 'ने' इथे नाही, म्हणून 'शे खेलो' एवढंच. 'ल' ओळखीचा दिसला की जीभ आपोआप मराठीकडे वळते. वाक्य आधी मनात कन्नडमध्ये लाव.

'आहे'चंही तसंच. 'आमि छात्री', पुढे काही नाही, जसं 'नानु विद्यार्थिनी'. नकार असेल तर 'आमि छात्री नइ'.

नकाराचा सगळ्यात मोठा खड्डा भूतकाळात आहे. 'मी गेले नाही' याचं शब्दशः 'आमि गेलाम ना' केलंस, तर 'जायचं होतं, पण गेलेच नाही' असा सूर लागतो. साध्या नकाराला वर्तमानकाळाचं रूप घेऊन 'नि' लावायचा: 'आमि जाइनि', 'आमि खाइनि'. कन्नडमध्येही 'नानु होगलिल्ल' म्हणताना भूतकाळाचं 'होदे' वापरत नाहीस ना? रोज पाच क्रियापदं घे आणि प्रत्येकाची चार वाक्यं मोठ्याने म्हण: करते, केलं, करीन, केलं नाही. 'आमि कोरि, कोरलाम, कोरबो, कोरिनि.' सुरुवात जा, खा, कर, देख, शुन यांनी कर. आधी पहिला पुरुष, मग 'शे', मग 'आपनि'.

कन्नड जिथे साथ सोडतं ते आदर आणि लिंगाचं प्रकरण. 'अवनु होगताने, अवळु होगताळे' असा भेद बंगालीत नाही, तो आणि ती दोघांनाही 'शे जाय'. पण आदर कडक: घरमालकिणीला 'आपनि', तिच्याविषयी बोलताना 'तिनि', आणि दोन्हींना क्रियापद 'कॉरेन'. तिला 'तुमि' म्हटलंस तर उद्धट ठरशील.

आठव्या आठवड्यात नवीन काही घेऊ नको. ओळखीचे वाटणारे शब्द तपासून वहीत टिपून ठेव. 'चेष्टा' म्हणजे प्रयत्न, 'आदर' म्हणजे लाड, 'घर' म्हणजे खोली आणि घराला 'बाड़ि'. पाणीही 'खातात': 'जॉल खाबो'. वाचायला आजच्या वर्तमानपत्रातल्या बातम्या घे. जुन्या पुस्तकांतली साधू भाषा आत्ता नको. तिथे 'कोरछि'च्या जागी 'करितेछि' येतं आणि मेसमध्ये तसं कुणी बोलत नाही.